फाइल चुकली की यंत्र मुके का होते : त्रिमितीय प्रिंटर आणि ड्रोनचे फर्मवेअर

त्रिमितीय प्रिंटरच्या बोर्डावर मध्यभागी नखाएवढी एक काळी चौकोनी चिप असते. मोटर किती फिरवायची, नोझल किती तापवायचे, पडद्यावर काय दाखवायचे, हे सारे तीच ठरवते. ड्रोनच्या पोटातल्या बोर्डावरही तशीच चिप असते. या चिपच्या आत कायम राहणारा जो प्रोग्रॅम असतो, तो म्हणजे फर्मवेअर. वीज गेली तरी तो पुसला जात नाही आणि वीज आली की चिप पहिल्या क्षणापासून तोच वाचू लागते. तो बदलून नवा लिहिण्याला या क्षेत्रातले लोक ‘फ्लॅश करणे’ म्हणतात, आणि लिहिताना काही चुकून यंत्र कशालाच दाद देईनासे झाले की ते ‘ब्रिक झाले’, म्हणजे त्याची वीट झाली, असे म्हणतात.

मोबाइलवर चुकीचे अ‍ॅप टाकायला गेले तर मोबाइल नकार देतो, कारण त्याच्याकडे तपासणी करणारी ऑपरेटिंग सिस्टिम असते. स्वस्त प्रिंटरच्या आणि हौशी ड्रोनच्या बोर्डावर असा पहारेकरी बहुधा नसतो. फर्मवेअरची फाइल म्हणजे त्या चिपला थेट दिलेल्या आज्ञांची रांग. कोणत्या पिनेवर कोणती मोटर आहे आणि हीटर कुठे जोडला आहे, हे फाइल तयार करतानाच तिच्यात कोरलेले असते. समोरचा बोर्ड वेगळा असेल, तर फाइलला ते कळायला मार्ग नसतो.

मात्र बहुतेक बोर्डांवर फर्मवेअरच्या आधी आणखी एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. वीज येताच आधी तो जागा होतो, मेमरी कार्डावर किंवा यूएसबीवर नवी फाइल आली आहे का ते पाहतो, असेल तर ती आत लिहितो आणि मग फर्मवेअरच्या हाती कारभार सोपवतो. यंत्र खरोखर मेले की नुसते मुके झाले, याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते : बूटलोडर शाबूत आहे की नाही.

क्रिअ‍ॅलिटी या चिनी कंपनीच्या एंडर-३ या प्रिंटरवर हा सगळा प्रकार नीट पाहता येतो. हे मॉडेल २०१८ साली आले आणि घरोघरच्या हौशी मंडळींत प्रचंड खपले. सुरुवातीच्या बोर्डावर आठ बिटांची चिप होती आणि तिच्यात कारखान्यातून बूटलोडरच घातलेला नव्हता. पुढे बत्तीस बिटांचे बोर्ड आले. त्यातले ४.२.२ आणि ४.२.७ हे दोन बोर्ड सर्वांत जास्त आढळतात. खोक्यावर नाव तेच, बाहेरून साचाही तोच; आत कोणता बोर्ड आहे हे खालच्या बाजूचा पत्र्याचा डबा उघडून बोर्डावर छापलेला आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. बहुतेक गोंधळाची सुरुवात इथेच होते, कारण माणूस फाइल शोधतो ती खोक्यावरच्या नावाने.

या दोन बोर्डांवरची चिप एकाच जातीची, बूटलोडर एकाच लांबीचा आणि हीटरच्या पिनाही त्याच. फरक आहे तो मोटरच्या तारांमध्ये. प्रत्येक मोटरसाठी चिपकडून दोन महत्त्वाचे संकेत जातात : एक ‘पाऊल टाक’ म्हणून सांगणारा आणि दुसरा ‘कोणत्या दिशेने’ ते सांगणारा. बहुतेक प्रिंटरांत चालणाऱ्या मार्लिन या मुक्त फर्मवेअरमध्ये या पिना अशा नोंदलेल्या आहेत :

```
              V4.2.2   V4.2.7
X_STEP_PIN    PC2      PB9
X_DIR_PIN     PB9      PC2
```

दोन्ही ठिकाणी पिना त्याच आहेत, फक्त कामे अदलाबदल झाली आहेत. आता ४.२.२ बोर्डावर ४.२.७ची फाइल टाकली तर काय होते? प्रिंटर व्यवस्थित सुरू होतो. पडद्यावर मजकूर येतो, तापमान दिसते, नोझल तापते, पंखा फिरतो. मात्र ‘होम’ची आज्ञा दिली की मोटर नुसती गुणगुणते, जागची हलत नाही. कारण पावलांचे शेकडो ठोके दिशेच्या तारेवर जात असतात आणि पावलाच्या तारेवर फक्त एखादा बदल पोचतो. दिशा क्षणात उजवी, क्षणात डावी होते, पण पाऊल पडत नाही. अशा वेळी मोटर गेली, ड्रायव्हर जळला, असे समजून लोक भाग बदलत बसतात. वास्तविक बूटलोडर शाबूत असतो आणि ४.२.२ची फाइल कार्डावरून टाकली की प्रिंटर पाच मिनिटांत पूर्ववत होतो.

दुसरी चूक याहून खोल असते. चिपच्या कायमच्या मेमरीला पत्ते असतात आणि या चिपमध्ये ते `0x08000000` पासून सुरू होतात. क्रिअ‍ॅलिटीच्या या बोर्डांवर पहिले २८ किलोबाइट बूटलोडरने व्यापलेले आहेत. म्हणून फर्मवेअर `0x08007000` या पत्त्यापासून बसते, आणि ते तिथेच बसणार हे गृहीत धरूनच फाइल तयार केलेली असते. फाइलच्या अगदी आरंभी दोन आकडे असतात. पहिला कामापुरत्या मेमरीतली सुरुवातीची जागा सांगतो आणि दुसरा सांगतो की पहिली आज्ञा कोणत्या पत्त्यावर आहे. तो पत्ता पूर्ण पत्ता असतो. ‘इथून पुढे इतक्या घरांवर’ असा नव्हे. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या जागी लिहिली तर चिप त्या पत्त्यावर उडी मारते आणि तिथे भलतेच काहीतरी सापडून अडकते.

याच कंपनीच्या एंडर-३ एस-१ या पुढच्या मॉडेलमध्ये हा धोका जास्त आहे, कारण त्याच नावाखाली दोन वेगवेगळ्या चिपांचे प्रिंटर विकले गेले. `STM32F103` असलेल्या बोर्डावर फर्मवेअर २८ किलोबाइटनंतर सुरू होते, तर `STM32F401` असलेल्या बोर्डावर ६४ किलोबाइटनंतर. शिवाय दुसऱ्या चिपमध्ये त्याच नावाच्या पिनांचे आतले पत्तेही निराळे आहेत. एकीची फाइल दुसरीवर लिहिली तर मोटर गुणगुणण्यापर्यंतही मजल जात नाही. कारभार बूटलोडरच्या हातून सुटतो आणि फर्मवेअरच्या हाती पोचतच नाही. दुसऱ्या चिपच्या बूटलोडरला फाइल कार्डावरच्या `STM32F4_UPDATE` नावाच्या फोल्डरमध्येच लागते. इतर ठिकाणी ठेवली तर तो तिच्याकडे पाहत नाही, आणि त्याच्या या हेकेखोरपणानेच काही प्रिंटर वाचले असणार.

कार्डावरून लिहिण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यातही दोन जागा अशा आहेत की माणूस उगाच घाबरतो. कार्ड शक्यतो ८ जीबी किंवा त्याहून लहान घ्यावे आणि ते `FAT32` पद्धतीने, ४०९६ बाइटच्या घरांत फॉरमॅट करावे. त्यावर फर्मवेअरची `.bin` फाइल तेवढी एकटी ठेवावी. प्रिंटर बंद करून कार्ड घालावे आणि मग वीज द्यावी. दहा-पंधरा सेकंद पडदा कोरा राहतो, कारण त्या वेळी बूटलोडर जुने पुसून नवे लिहीत असतो. याच सेकंदांत घाबरून स्विच बंद केला तर फर्मवेअर अर्धवट राहते. ही मेमरी आधी पानापानाने पुसावी लागते आणि मगच तिच्यावर लिहिता येते, त्यामुळे मध्येच थांबले तर जुनेही नाही आणि नवेही नाही अशी स्थिती होते. अर्थात बूटलोडर स्वतःला पुसत नाही, म्हणून पुन्हा वीज दिली की बहुधा तो त्याच फाइलपासून नव्याने सुरुवात करतो.

दुसरी जागा फाइलच्या नावाची. क्रिअ‍ॅलिटीचा बूटलोडर मागच्या वेळी लिहिलेल्या फाइलचे नाव लक्षात ठेवतो आणि त्याच नावाची फाइल पुन्हा आली तर ती न वाचताच पुढे जातो. चुकीची फाइल `firmware.bin` या नावाने टाकली, पडदा कोरा झाला, मग योग्य फाइल शोधून तीही `firmware.bin` याच नावाने टाकली, तर काहीच घडत नाही. ‘बरोबर फाइलनेही उठत नाही, म्हणजे बोर्ड गेलाच’ असा निष्कर्ष काढला जातो आणि चांगला बोर्ड टाकून दिला जातो. नाव `firmware2.bin` केले असते तरी काम झाले असते.

बोर्ड खरोखर मेला आहे का, हे ओळखताना यूएसबीवर भरवसा ठेवता येत नाही. ४.२.२ आणि ४.२.७ या बोर्डांवर यूएसबीचे काम `CH340` नावाची वेगळी चिप करते. मुख्य चिप पूर्ण मुकी असली तरी संगणकाला ही छोटी चिप दिसते आणि पोर्ट हजर असल्याचे तो सांगतो. खरी परीक्षा म्हणजे त्या पोर्टवर `M115` ही आज्ञा पाठवणे. फर्मवेअर जिवंत असेल तर स्वतःचे नाव, आवृत्ती आणि यंत्राचा प्रकार सांगते. उत्तर आले नाही आणि पडदा नुसता निळा उजळून अक्षर उमटत नसेल, तर फर्मवेअर चालत नाही. मग नवे नाव दिलेली योग्य फाइल, दुसरे कार्ड, पुन्हा प्रयत्न. तरीही काही झाले नाही तरच बूटलोडरवर संशय घ्यावा.

बूटलोडर पुसला जातो तो बहुधा कार्डामुळे नव्हे, तर माणूस थेट चिपला हात घालतो तेव्हा. एसटी-लिंक नावाचे पेनड्राइव्हएवढे एक उपकरण मिळते. त्याच्या तारा बोर्डावरच्या `SWDIO`, `SWCLK` आणि जमिनीच्या टोकांना जोडल्या की संगणकावरून चिपच्या मेमरीत कुठेही लिहिता येते. सॉफ्टवेअर सुरुवातीचा पत्ता विचारते आणि तिथे आधीपासून `0x08000000` लिहिलेले असते. कार्डासाठी बनवलेली फाइल घेऊन तोच पत्ता ठेवून बटण दाबले, तर ती बूटलोडरच्या डोक्यावर जाऊन बसते. आता कार्ड वाचणारेच कोणी उरत नाही. वीट म्हणायची ती हीच.

तरी ही वीटही फोडता येते. ज्या उपकरणाने घात केला तेच उपकरण उपायही करते : आधी बूटलोडरची फाइल `0x08000000` वर लिहायची आणि मग फर्मवेअर नेहमीप्रमाणे कार्डावरून टाकायचे. अडचण येते ती बूटलोडरची फाइल हाताशी नसली तर. म्हणून एसटी-लिंक जोडल्यावर काहीही लिहिण्याआधी चिपची संपूर्ण मेमरी वाचून जपून ठेवणे हे पहिले काम. काही चिपा वाचण्याविरुद्ध कुलूपबंद असतात, आणि ते कुलूप काढले की सारी मेमरी आपोआप पुसली जाते. तेव्हा कुलूप दिसल्यास थांबावे. बूटलोडर मिळतच नसेल तर मार्लिन बूटलोडरविना, थेट `0x08000000` पासून बसेल असे तयार करता येते. प्रिंटर चालू लागतो, मात्र पुढच्या प्रत्येक बदलासाठी डबा उघडून तारा जोडाव्या लागतात.

योग्य फाइल बसल्यावरही एक काम उरते. पावलांची मापे आणि तापमानाच्या नोंदी फर्मवेअरबाहेर वेगळ्या साठवलेल्या असतात. नव्या फर्मवेअरने जुन्या नोंदी वाचल्या तर आकडे विचित्र होऊ शकतात. `M502` ही आज्ञा मूळ मूल्ये परत आणते आणि `M500` ती साठवते. त्यानंतर नोझल थंड असताना पडद्यावरचे तापमान खोलीच्या तापमानाशी जुळते का, ते पाहावे. उष्णता मोजणारा तुकडा एका प्रकारचा आणि फर्मवेअरमधला तक्ता दुसऱ्या प्रकारचा असेल, तर पडदा २०० अंश दाखवत असताना नोझल प्रत्यक्षात कितीतरी जास्त तापलेले असू शकते. मोटर न हलणे परवडले. हा दोष मात्र दिसत नाही.

ड्रोनमध्ये दोन वेगळ्या जागी फर्मवेअर असते आणि त्या दोन जागांचा स्वभाव अगदी उलट आहे. स्वतः जोडलेल्या हौशी ड्रोनमध्ये मधला उड्डाण-नियंत्रक बोर्ड बहुधा बीटाफ्लाइट हे मुक्त फर्मवेअर चालवतो. त्यावरच्या `STM32F405` सारख्या चिपमध्ये बूटलोडर दोनदा लिहिता येणाऱ्या मेमरीत नसतोच. चिप बनवणाऱ्या कंपनीने तो कायमचा कोरलेला असतो. बोर्डावरचे छोटे ‘बूट’ बटण दाबून धरत यूएसबी जोडली की तो जागा होतो. त्याला डीएफयू अवस्था म्हणतात. त्यामुळे हा बोर्ड चुकीच्या फाइलने पूर्ण मारणे जवळजवळ अशक्य आहे. `F405`ची फाइल `F411` चिपवर टाकली तर बोर्ड गप्प होतो, कारण फाइल मेमरीचा असा एक भाग गृहीत धरते जो दुसऱ्या चिपमध्ये नाहीच. बटण दाबून योग्य फाइल टाकली की तो परत येतो.

इथे यूएसबीचा प्रकार प्रिंटरच्या नेमका उलटा. वेगळी यूएसबी चिप नसते, त्यामुळे फर्मवेअर अडकले की संगणकाला काहीच दिसत नाही. डीएफयू अवस्थेतही विंडोजला योग्य ड्रायव्हर मिळाला नाही तर बोर्ड दिसत नाही, आणि नुसती चार्जिंगची केबल असेल तर तर नाहीच नाही. म्हणून बोर्ड गेला असे मानण्याआधी केबल बदलून पाहावी.

जास्त घातक ठरते ती चिप बरोबर पण बोर्ड चुकीचा असलेली फाइल. एकाच चिपवर बांधलेले अनेक कंपन्यांचे बोर्ड असतात आणि प्रत्येकावर तोल मोजणारा जायरो वेगवेगळ्या दिशेने बसवलेला असतो. फाइल दुसऱ्या बोर्डाची असली तर सारे सुरळीत सुरू झालेले दिसते, पण ड्रोनला उजवीकडे कलणे पुढे कलल्यासारखे वाटते. तो चूक सुधारायला जातो आणि कल वाढवत नेतो. उडताक्षणी उलटा पडतो. बोर्डाचे नेमके नाव फर्मवेअर बदलण्याआधी त्यालाच विचारावे. बीटाफ्लाइटच्या आज्ञापट्टीत

```
version
diff all
```

असे लिहिले की पहिली ओळ चिप आणि फर्मवेअरची आवृत्ती सांगते, बोर्डाचे नाव `board_name` पुढे मिळते, आणि दुसरी ओळ मालकाने केलेले सारे बदल दाखवते. तो मजकूर जपून ठेवावा. नवे फर्मवेअर टाकल्यावर ड्रोन हातात धरून पुढे, मग उजवीकडे कलवावा आणि पडद्यावरचे चित्र तसेच कलते का ते पाहावे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळू नये.

कॅमेऱ्याचे तयार ड्रोन मात्र या भानगडीत सहसा सापडत नाहीत. त्यांची फाइल कंपनीच्या डिजिटल सहीची असते आणि सही जुळली नाही तर यंत्र ती स्वीकारतच नाही. तिथे धोका अर्ध्यात तुटलेल्या अपडेटचा असतो, म्हणून बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असणे गरजेचे.

दुसरी जागा म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी. इथे चुकीची फाइल यंत्राला नुसते मुके करत नाही, जाळते. ड्रोनच्या मोटरला तीन तारा असतात. प्रत्येक तारेसाठी ईएससीवर दोन इलेक्ट्रॉनिक स्विच असतात : एक तिला बॅटरीच्या धन टोकाला जोडणारा, दुसरा ऋण टोकाला. हे दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर मोटर बाजूलाच राहते आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होईपर्यंत फर्मवेअर मुद्दाम थोडा थांबा घेते.

बीएलहेली-एस या फर्मवेअरच्या फाइलींची नावे `A-H-30` अशा धाटणीची असतात, आणि त्या तीन भागांत सारे सांगितलेले असते. पहिले अक्षर स्विचच्या तारा चिपच्या कोणत्या पिनांवर आहेत ते सांगते, दुसरे चिप कोणती ते, आणि शेवटचा आकडा थांब्याचा. `H` चिपवर एक एकक साधारण २०.४ नॅनोसेकंदांचे, म्हणजे ३० चा अर्थ सुमारे ६१२ नॅनोसेकंद, तर ०५ चा जेमतेम १०२. मंद गतीने बंद होणाऱ्या स्विचना ०५ ची फाइल दिली तर पहिला पुरता बंद होण्याआधीच दुसरा उघडतो. प्रत्येक बदलाला क्षणभर शॉर्ट, आणि असे बदल सेकंदाला हजारो. स्विच तापतात आणि उडतात. पहिले अक्षर चुकले तर एवढाही वेळ मिळत नाही : वरचा आणि खालचा स्विच एकदमच उघडू शकतात आणि बॅटरी जोडताच धूर निघतो.

फाइल जुळत नाही असे दिसले की ईएससीचे सॉफ्टवेअर इशारा देते. तो डावलून पुढे जाण्याची सोयही त्यात असते आणि बहुतेक जळालेले ईएससी तिथूनच आलेले असतात. ईएससीवर लिहिताना बॅटरी जोडलेलीच लागते, म्हणून पंखे आधी काढून ठेवतात. लिहून झाल्यावर बॅटरी पहिल्यांदा पुन्हा जोडताना ती सरळ न जोडता मध्ये प्रवाह रोखणारा तुकडा घालतात. पूर्वी त्यासाठी गाडीचा दिवा वापरत, आता ‘स्मोक स्टॉपर’ नावाने तयार मिळतो. दिवा क्षणभर लुकलुकून विझला तर थेट शॉर्ट नाही. तो पेटलेलाच राहिला तर बॅटरी ताबडतोब काढायची, कारण आत कुठेतरी दोन स्विच एकत्र उघडे आहेत आणि दिवा नसता तर तो सारा प्रवाह त्यांच्यातूनच गेला असता.